जुन्या फोटोतली आई बदलते, पाटीवरची अक्षरं बिघडतात: मॉडेलला सूचना नेमकी कशी लिहायची

जुना फोटो सुधारून दिला की पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा चांगलीच येते. ओरखडे गेलेले असतात, चिखलाचे डाग गेलेले असतात. मग घरातलं एखादं जुनं माणूस तो फोटो हातात घेतं, जरा वेळ बघत राहतं आणि म्हणतं, "ही आमची आई नाही वाटायली." नाक-डोळे सगळे जागेवर असतात, तरी माणूस दुसरंच झालेलं असतं. त्याच फोटोत मागच्या दुकानाची पाटी वाचायला गेलं, तर शिरोरेषा असते आणि तिच्याखाली कुठल्याच भाषेची नसलेली चिन्हं असतात. लुगड्याचा रंगही वेगळाच झालेला असतो. लातूर, धाराशिव, परभणी, बीड या पट्ट्यात जुने फोटो सुधारणाऱ्या बहुतेकांना ही तक्रार सतत ऐकावी लागते. सूचना देऊन चालणारी फोटो सुधारण्याची एआय मॉडेलं हाताशी आल्यापासून ती वाढली आहे.

इथे एकाच प्रकारच्या कामाबद्दल लिहितो: स्कॅन केलेला जुना रंगीत फोटो, त्यावरची झीज काढायची, आणि चेहरा, अक्षरं व रंग हलू द्यायचे नाहीत. नव्या फोटोतली पार्श्वभूमी बदलणं वगैरे कामांचे नियम वेगळे आहेत.

एक काम उदाहरणाला घेऊ. औसा तालुक्यातलं एक कुटुंब. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात घर पडलं, आई गेली. ढिगाऱ्यातून निघालेला चार बाय सहा इंचांचा एक रंगीत फोटो एवढीच आईची खूण उरली आहे. फोटोत आई दुकानासमोर उभी आहे. अंगावर हिरवं इरकल लुगडं, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. वर दुकानाची पाटी, मागे ओट्यावर दोन माणसं. एक पांढरी भेग पाटीच्या कोपऱ्यातून निघून आईच्या गालाची कड घासत लुगड्यावर उतरते. खाली डावीकडे चिखलाचा तपकिरी डाग आहे, भिंतीवर धुळीचे पांढरे ठिपके आहेत. फोटोतल्या आईची मुलगी, आता साठीच्या पुढच्या मावशी, फोटो घेऊन आल्या. त्यांनी आधी दुसरीकडून सुधारून घेतलेली प्रतही सोबत आणली होती. त्या प्रतीत आई गोरी झाली होती, गोंदण गायब होतं आणि इरकलीचा लाल काठ सोनेरी जरीचा झाला होता. मावशी म्हणाल्या, "ह्यो काठ आमच्या आईचा न्हाई. इरकल होतं ते, लाल काठाचं. आन् गोंदण कुठं गेलं?"

असं का होतं ते आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर सूचना कितीही वेळा बदलली तरी अंधारात चाचपडणंच होतं.

सूचनेवर चालणारं मॉडेल तुमच्या फोटोवर ब्रश फिरवत नाही. ते तुमचा फोटो बघून सगळं चित्र नव्याने तयार करतं, जिथे काहीच बिघडलेलं नाही तो भागसुद्धा. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांमध्ये चित्र आधी दाबून लहान केलं जातं: मूळच्या 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनासाठी आतमध्ये एकच घर. काम त्या लहान रूपावर होतं आणि शेवटी ते पुन्हा फुलवलं जातं. भिंत, आभाळ, जमीन अशा भागांना या दाबण्या-फुलवण्याने फारसा फरक पडत नाही. बारीक आणि नेमक्या गोष्टींना पडतो, आणि चेहरा व अक्षरं याच प्रकारात मोडतात.

आपल्या फोटोचा हिशेब करून बघा. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेल होतात. अनेक मॉडेलं एका वेळी साधारण एक मेगापिक्सेलचं चित्र हाताळतात, म्हणून हा फोटो आत जाताना 832 बाय 1248 च्या आसपास येतो. स्कॅनमध्ये 300 पिक्सेल उंच असलेला आईचा चेहरा 104 पिक्सेलचा होतो, म्हणजे आतल्या घरांत मोजला तर उभ्याने 13 घरं. पाटीवरचं 45 पिक्सेल उंचीचं अक्षर 16 पिक्सेलचं होतं, म्हणजे फक्त 2 घरं. पाटीवर 'किराणा व भुसार' असं आहे. दोन घरांत 'भु' चा उकार आणि 'णा' चा काना कसा मावणार? मॉडेलकडे ती माहिती पोचलेलीच नसते, म्हणून ते अक्षरासारखा दिसणारा आकार काढतं. चेहऱ्याचंही तेच. माहिती कमी पडते तिथे मॉडेल असंख्य चेहरे बघून शिकलेला सरासरी चेहरा भरतं, आणि आपली माणसं सरासरी दिसत नाहीत.

म्हणून पहिला उपाय सूचनेच्या आधीचा आहे. पूर्ण फोटो देऊ नका, तुकडे द्या. ज्या भागात झीज आहे तेवढा 1024 बाय 1024 पिक्सेलचा चौकोन मूळ स्कॅनमधून कापा. तो मॉडेलला लहान करावा लागत नाही, आणि आईचा चेहरा 300 पिक्सेलचाच राहतो, म्हणजे 37 घरं. तेराच्या जागी सदतीस, हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. तुकडा कुठून कापला ते लिहून ठेवा, कारण तो परत त्याच जागी बसवायचा आहे. इमेजमॅजिकच्या आज्ञेने कापायचा असेल तर असा:

```
magick mul.png -crop 1024x1024+700+1400 +repage tukda1.png
```

इथे 700 आणि 1400 म्हणजे डावीकडून आणि वरून सोडलेले पिक्सेल. शेजारच्या तुकड्यांत शंभरेक पिक्सेलची जागा सामाईक ठेवली की जोड दिसत नाही.

स्कॅन पीएनजी किंवा टिफमध्येच ठेवा. गिऱ्हाइकाने फोटोचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर अस्सल फोटो मागवा. तो शक्यच नसेल तर निदान फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. दाबलेल्या जेपेगमध्ये गालावर बारीक चौकोनी खुणा येतात. मॉडेल त्यांना सुरकुत्या किंवा व्रण समजून खऱ्याखुऱ्या करून टाकतं.

आता बिघाड ओळखायचा कसा? नुसतं शेजारी-शेजारी ठेवून बघू नका, डोळा फसतो. जिंप या चित्र सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ तुकडा खाली आणि सुधारलेला वर ठेवून वरच्या थराचा मोड `Difference` करा. जिथे दोन्ही सारखे आहेत तिथे काळं दिसेल, जिथे फरक आहे तिथे उजेड. फरक फिकट असेल तर ही आज्ञा तो चौपट करून दाखवते:

```
magick tukda1.png nava1.png -compose difference -composite -evaluate multiply 4 farak.png
```

या काळ्या चित्रात तीन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि प्रत्येकीचं कारण वेगळं असतं. सगळ्या कडांना बारीक उजळ रेघा दिसल्या तर चित्र एक-दोन पिक्सेल सरकलंय किंवा किंचित ताणलंय. चेहरा बदलला असेलच असं नाही, पण हा तुकडा परत बसवता येणार नाही. लुगड्यावर किंवा भिंतीवर सपाट, एकसारखा उजेड दिसला तर रंग हललाय. आणि डोळे, नाकपुडी, ओठ, अक्षरं एवढ्याच जागी गिचमीड उजेड दिसला तर मॉडेलने ते पुन्हा काढलंय. काम नीट झालं असेल तर भेग, डाग आणि ठिपके यांच्या आकाराचा उजेड दिसतो आणि बाकी जवळजवळ काळं. अगदी काळं नसेल, दाबण्या-फुलवण्याचा थोडा धुरळा सगळीकडे राहतोच. त्याचा विचार पुढे केला आहे.

आता सूचनेकडे येऊ. मावशींनी आणलेल्या प्रतीसाठी कुणी काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, पण अशा कामाला सर्रास लिहिलं जातं ते असं: "हा जुना फोटो सुधार, स्पष्ट आणि सुंदर कर, चेहरा बदलू नकोस." या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द घात करतो.

'सुधार' म्हणजे काय हे मॉडेलला तुम्ही सांगितलेलंच नाही, म्हणून ते स्वतः ठरवतं. त्याने शिकताना पाहिलेल्या 'सुधारलेल्या' फोटोंत कातडी गुळगुळीत, उजळ आणि डाग नसलेली असते. त्यामुळे सावळी बाई गोरी होते. 'स्पष्ट' म्हटलं की पापण्या, भुवया, ओठांच्या कडा यांची नव्याने भर पडते, कारण मूळ फोटोत तेवढा तपशील नसतोच. 'सुंदर' हा शब्द तर या कामात कधीच येऊ नये. आणि 'चेहरा बदलू नकोस' हे नकारार्थी वाक्य अनेक मॉडेलांमध्ये दुबळं ठरतं. काय करायचं नाही हे सांगण्यापेक्षा काय जसंच्या तसं राहायला हवं हे सांगितलेलं त्यांना जास्त पोचतं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र 'डाग काढ' या दोन शब्दांनी होतो. गोंदण म्हणजे कातडीवरचे गडद हिरवट ठिपके आणि रेघा. जुन्या फोटोवरचे डागही गडद ठिपकेच. मॉडेलच्या नजरेतून दोन्हींत फरक करायला काही कारण नाही. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असलेल्या बायका कितीतरी आहेत, आणि घरच्यांसाठी तीच ओळखीची पहिली खूण असते. म्हणून झीज कोणती आणि माणसाचा भाग कोणता, हे सूचनेत तुम्हीच वेगळं करून द्यायला हवं. त्यासाठी फोटो समोर ठेवून घरच्या माणसाला एकदा विचारा: हा ठिपका तीळ आहे की डाग? ही रेघ सुरकुती आहे की घडीची खूण? मावशींनी हनुवटीवरचा एक ठिपका बोटाने दाखवून सांगितलं की तो गोंदणातला नाही, शाईचा डाग आहे. हे बाहेरच्या माणसाला फोटो बघून कधीच कळलं नसतं.

सूचना लिहिताना मी हा क्रम धरतो. आधी परवानगी कशाची: झीज, एकेक करून, तिचा रंग आणि जागा सांगून. मग जे झिजेसारखं दिसतं पण झीज नाही ते. मग जे जसंच्या तसं हवं ते, नाव घेऊन. इंग्रजी सूचना बहुतेक मॉडेलं जास्त नेमकी पाळतात, म्हणून या तुकड्याची सूचना इंग्रजीत देतो:

```
Repair only the physical damage on this scanned print:
the white diagonal crack across the sari, the brown mud
stain at the lower left, and the white dust specks on the wall.

The small dark green dots and lines on the forehead and chin
are part of the skin, not damage. Keep them exactly as they are.

Keep the face, expression, wrinkles, skin tone, fabric colours,
red border, lettering, film grain, framing and image size
identical to the input.
```

यात काही गोष्टी मुद्दाम आहेत. 'ओन्ली' पहिल्याच ओळीत आहे. भेग 'लुगड्यावरची' म्हटली आहे, गालावरची म्हटलेली नाही. गालाचं काम मॉडेलला द्यायचंच नाही, ते हाताने करायचं. गोंदण त्याच्या दिसण्यावरून सांगितलं आहे, टॅटू म्हटलेलं नाही, कारण टॅटू म्हटल्यावर मॉडेलने ते जास्त ठळक आणि नक्षीदार करून ठेवण्याचा धोका असतो. काठाचा रंग लाल असा स्पष्ट लिहिला आहे. फोटोतले दाणे, म्हणजे ग्रेन, राखायला सांगितले आहेत, नाहीतर दुरुस्त केलेली जागा मेणासारखी गुळगुळीत होऊन शेजारच्या भागातून वेगळी पडते. डावं-उजवं नेहमी फोटो बघणाऱ्याच्या बाजूने लिहा, फोटोतल्या माणसाच्या बाजूने लिहिलं की मॉडेल उलट्या बाजूला काम करतं.

पहिल्या फेरीत थोडं बिघडलं, समजा भेग गेली पण चिखल अर्धा राहिला, तर आलेल्या चित्रावरच 'आता चिखलही काढ' असं सांगण्याचा मोह होतो. तसं करू नका. प्रत्येक फेरीत सगळं चित्र पुन्हा तयार होतं, त्यामुळे प्रत्येक फेरीत चेहरा थोडा-थोडा सरकत जातो. दोन-तीन फेऱ्यांनंतर तो कुणाचा आहे हे ओळखू येत नाही. दर वेळी मूळ तुकडा नव्याने द्या आणि सूचनेतलं एकच वाक्य बदला. गप्पांसारख्या खिडकीत काम करत असाल तर नवीन संवाद उघडा. `seed`, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यापासून चित्र काढायला सुरुवात करतं तो, ठरवता येत असेल तर दर वेळी तोच आकडा ठेवा, म्हणजे बदल त्या वाक्याने झाला की नशिबाने, हे कळेल.

इतकं करूनही चेहरा शंभर टक्के तोच राहील अशी हमी सूचना देऊ शकत नाही. 'जसंच्या तसं ठेव' ही मॉडेलसाठी विनंती आहे. पिक्सेल खरोखर तेच राहायला हवे असतील तर ते मूळ फोटोतूनच घ्यावे लागतात, आणि त्यासाठी थर वापरायचे. ठिगळ लावताना सगळं लुगडं बदलत नाहीत, फाटलेल्या जागेपुरतंच कापड घेतात, तसंच हे. जिंपमध्ये मूळ तुकडा खाली. सुधारलेला वर, आणि त्या वरच्या थराला काळा लेयर मास्क. काळा मास्क म्हणजे वरचं काहीच दिसत नाही, सगळं मूळ. आता पांढऱ्या, मऊ कडेच्या ब्रशने फक्त भेग, डाग आणि ठिपके यांच्यावरून फिरवा. तेवढीच जागा नव्या चित्रातून येईल. आईचा चेहरा, गोंदण, सगळं मूळ स्कॅनचं राहील, आणि वर म्हटलेला धुरळाही आपोआप बाहेर राहील.

मग सूचनेची एवढी मेहनत कशाला, असं वाटेल. कारण जोड तेव्हाच बसते जेव्हा दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत येतात आणि दुरुस्त जागेचा रंग शेजारच्या मूळ रंगाशी जुळतो. मॉडेलने फ्रेम सरकवली किंवा लुगडं पोपटी केलं, तर मास्कमधून दिसणारी पट्टी वेगळ्याच कपड्याची वाटते.

काही साधनांत मास्क आधीच देता येतो, म्हणजे ठरावीक जागाच बदलायची असं सांगता येतं. चांगली सोय आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. काही साधनं मास्कबाहेरचा भागही दाबून-फुलवून परत देतात, त्यामुळे बाहेरचा चेहराही किंचित बदललेला असतो. `Difference` लावला की लगेच कळतं: मास्कबाहेर निखळ काळं हवं.

गालाच्या कडेची भेग स्कॅनमध्ये दहा-बारा पिक्सेल रुंद होती. तिथे मॉडेल न वापरता `Heal` साधनाने, शेजारच्याच कातडीतून नमुना घेऊन, छोट्या ब्रशने काम केलं. ब्रश भेगेपेक्षा थोडाच मोठा. वेळ लागतो, पण गालाचा उतार तोच राहतो. चेहऱ्यावरून जाणाऱ्या भेगेसाठी हीच पद्धत धरावी असं माझं ठाम मत आहे. भेग डोळ्यातून किंवा ओठातून गेली असेल आणि तिथलं काहीच शिल्लक नसेल, तर मात्र जे काही भराल ते नवीन काढलेलंच असेल, मॉडेलने भरलं काय किंवा हाताने. हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, नंतर नाही.

अक्षरांची गोष्ट याहून सरळ आहे: मॉडेलला अक्षरं देऊच नका. या फोटोतल्या पाटीवर पहिल्या ओळीत 'किराणा व भुसार' एवढं वाचता येत होतं. दुसऱ्या ओळीचा अर्धा भाग भिंतीच्या सावलीत आणि फोटोच्या कडेला कापला गेलेला. पाटी असलेला तुकडा दिला की दोन बिघाड होतात. दिसणारी अक्षरं वेडीवाकडी होतात, आणि न दिसणारी मॉडेल स्वतःच्या मनाने पूर्ण करतं. दुसरा बिघाड जास्त घातक, कारण तो नीटनेटका दिसतो. दुकानावर कुणाचं नाव होतं हे पुढे कुणी या फोटोवरून वाचणार असेल, तर त्याला खोटं नाव मिळेल. सूचनेत पाटीवरचा मजकूर अवतरणचिन्हांत लिहून दिला तर काही मॉडेलं अक्षरं बरी काढतात, पण ती त्यांच्या वळणाची असतात, त्या पेंटरच्या हाताची नाहीत. आपल्याला पेंटरचा हात हवा आहे. म्हणून पाटीच्या कोपऱ्यातली भेगही मास्क आणि `Heal` ने, अक्षराला न शिवता. भेग एका 'र' च्या शेपटीतून गेली होती. शेजारच्या शब्दात तसाच दुसरा 'र' होता, त्याची शेपटी `Clone` ने उचलून बसवली.

रंगाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. त्या काळातले रंगीत प्रिंट जुने झाले की त्यांतला निळसर रंगद्रव्याचा थर बरेचदा आधी फिका पडतो आणि अख्खा फोटो तांबूस दिसू लागतो. या फोटोतलं हिरवं लुगडं म्हणूनच मातकट दिसत होतं. मॉडेलला 'रंग परत आण' म्हटलं की ते मातकट हिरव्याचा चटकदार पोपटी करतं आणि काठ जरीचा करतं. त्या बाईचं लुगडं नेमकं कसं होतं हे त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणून रंग राखणं आणि तांबूसपणा काढणं ही दोन कामं वेगळी ठेवा. मॉडेलला फक्त पहिलं सांगा: रंग जसे आहेत तसे. तांबूसपणा सगळं जोडून झाल्यावर, `Levels` मध्ये मधल्या राखाडीच्या ड्रॉपरने काढा. त्यासाठी फोटोत खरोखर पांढरं किंवा राखाडी असलेली पण चमकून न गेलेली जागा निवडा. इथे ओट्यावरच्या माणसाच्या धोतराची सावलीतली घडी कामाला आली. कागदाची कड निवडू नका, ती पिवळी पडलेली असते.

मॉडेलने रंग हलवलाय का हे तपासायला कलर पिकरने दोन्ही चित्रांत त्याच जागेचे आकडे वाचा: गाल, लुगडं, काठ, धोतर. लाल, हिरवा, निळा या तिन्ही आकड्यांत दोन-चारचा फरक असेल तर सोडून द्या. गालाचे तिन्ही आकडे एकदम तीस-चाळीसने चढले असतील, तर कातडी उजळवली आहे. पण सगळ्याच जागांचे आकडे एकाच दिशेने हलले असतील आणि चित्र एकूण फिकं दिसत असेल, तर सूचनेला दोष देण्याआधी कलर प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले आकडे नेमके कोणते रंग दाखवतात ही नोंद, बघा. स्कॅन अडोबी आरजीबीत किंवा फोनचा फोटो डिस्प्ले पी-थ्रीमध्ये असेल आणि साधनाने ते प्रोफाइल टाकून दिलं, तर रंग फिके पडतातच. जिंपच्या `Image > Color Management > Convert to Color Profile` मधून आधीच एसआरजीबीत बदलून दिलं की हा प्रश्न राहत नाही.

नव्या चित्रातली दुरुस्ती चांगली आहे पण लुगड्याचा रंगच घसरला आहे, असं झालं तर आणखी एक मार्ग आहे. सुधारलेल्या थराचा मोड फोटोशॉपमध्ये `Luminosity`, जिंपमध्ये `LCh Lightness` करा. मग उजेड-अंधार नव्याचा येतो आणि रंग मूळचा राहतो. याच्या दोन मर्यादा नीट लक्षात ठेवा. भेग मुळात पांढरी असल्याने तिथे खाली रंगच नसतो, म्हणून लुगड्यावर राखाडी पट्टी उरते. तेवढ्या पट्टीवर शेजारचा हिरवा रंग हाताने द्यावा लागतो, `HSL Color` मोडच्या वेगळ्या थरावर. दुसरी मर्यादा चेहऱ्याची. कातडी उजळवली असेल तर तो बदल उजेडातलाच आहे, त्यामुळे या मोडने तो परतत नाही, उलट जसाच्या तसा वर येतो. चेहऱ्याला उपाय एकच, मूळ पिक्सेल.

मागे ओट्यावर बसलेल्या दोन माणसांबद्दल मावशींच्या मुलाने विचारलं, "ह्यांचे चेहरे पण स्पष्ट होतील का, दादा? एक जण आमचे आजोबा असावेत म्हणतात." त्यांचे चेहरे स्कॅनमध्ये 90 पिक्सेलच्या आत होते आणि मूळ फोटोतच धूसर. पूर्ण फोटो मॉडेलला दिला असता तर त्यांना आतमध्ये उभ्याने चारच घरं मिळाली असती. तुकडा कापून दिला तरी कॅमेऱ्याने जे टिपलेलंच नाही ते कुठून येणार? जो चेहरा येईल तो छान, ठसठशीत येईल आणि पूर्णपणे काल्पनिक असेल. घरात मात्र तो आजोबांचा म्हणून लागेल. हे त्याला सांगितलं, आणि ते दोन चेहरे जसे होते तसेच ठेवले. हवं असेल तर अस्सल प्रिंट 1200 डीपीआयला पुन्हा स्कॅन करून बघता येतं. प्रिंटमध्येच बारकावा असेल तर थोडा मिळतो, नसेल तर फोटोचे दाणेच मोठे दिसतात. इथे दाणेच दिसले.

देताना तीन फाइली द्या: हात न लावलेला स्कॅन टिफमध्ये, थरांसकट जिंपची `.xcf`, आणि छापायची प्रत. पुढे कुणाला एखादा ठिपका परत हवा असेल, तर त्या थराचा मास्क तेवढ्या जागी काळा केला की तो परत येतो. मावशींच्या फोटोत तसंच झालं. शाईचा म्हणून काढलेला हनुवटीवरचा ठिपका गोंदणातलाच होता, असं त्यांच्या थोरल्या बहिणीने घरी सांगितलं. तो परत ठेवला.